म्हणायला ठेवलेली जागा

आत्या, तुला समाधी देऊन आज नऊ दिवस झाले. लोक येतात, चहा घेतात, तू किती शांत होतीस, किती सोशिक होतीस असं सांगून जातात. मी मान हलवतो. तू सोशिक कधीच नव्हतीस. मेथीच्या जुडीत गवत निघालं तर ती जुडी हातगाड्यावर परत टाकून यायचीस आणि वर दोन शब्द सुनावून यायचीस. शेवटची दोन वर्षं तू गप्प होतीस ती माझ्यामुळे. हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. तू होतीस तेव्हा तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून आता लिहितो आहे. मेलेल्या माणसाला लिहिणं सोपं असतं, ते उलटून बोलत नाही. तेवढाही माझा भित्रेपणा तू ओळखला असतास.

तू माझ्या वडिलांची थोरली बहीण. तलवाड्याला दिलेली. नवरा लवकर गेला, तरी सासूचं शेवटचं दुखणं निघेपर्यंत तू तिथंच राहिलीस आणि तिला पोचवून मगच केजला आमच्याकडे आलीस. सोबत एक ट्रंक, टाळांची एक जोडी आणि सासूकडून तोंडपाठ केलेलं शिवाचं एक जुनं पद. ते पद कुठं लिहिलेलं नव्हतं. तुझ्या सासूला तिच्या सासूने शिकवलेलं, तिला आणखी कुणी. मी कॉलेज सोडून रेडिओ दुरुस्ती शिकत होतो. मला वाटलं, चला, घरात आणखी एक म्हातारं माणूस आलं.

महिन्याभरात दिवेलागणीला आपल्या पुढच्या खोलीत चार बाया बसायला लागल्या. मग आठ झाल्या. शेजारची जनाक्का, समोरच्या मास्तरांची बायको, ऊसतोडीला जाणारी शेवंता गावात असेल तेव्हा. काही आपल्या लिंगायतांतल्या, काही दुसऱ्या समाजातल्या. तू कुणाला गाणं शिकवते असं कधी म्हणाली नाहीस. दिवा लागला की म्हणायचं, एवढंच.

तुझी पद्धत तेव्हा मला कळली नव्हती. ती कळली ती तिचा नाश केल्यावर, म्हणून जमेल तशी इथे लिहून ठेवतो.

बाया येऊन टेकल्या की तू लगेच सुरुवात करायची नाहीस. आधी ओठ मिटून त्या दिवशीच्या सगळ्यात अवघड गाण्याची सगळ्यात वरची जागा हळूच गुणगुणायचीस आणि एकेकीच्या तोंडाकडे बघायचीस. कुणाच्या मानेची शीर ताणली की सूर खाली. सगळ्यांना वरची जागा सहज लागतेय असं दिसलं की मग तिथून उतरत उतरत खालच्या सा वर यायचीस आणि तो धरायचीस. पुढचं सगळं त्याच एका सा वर, म्हणजे नव्या बाईला मधेच गळा बदलायला लागू नये. पुढे मी दुकान टाकलं, तिथे दुरुस्तीला पेटी आली तेव्हा मी तपासलं. तुझा सा दररोज पांढरी चारच्या आसपास पडायचा, फार तर एखादी पट्टी इकडे-तिकडे. पेटी तू जन्मात वाजवली नव्हतीस.

मग पहिली नामाची धून. शिवाचं नाव आणि साध्या दोन ओळी, त्या तूच जुळवलेल्या. ‘दिवा लाविला दारी, शिवा थांब माझ्या घरी.’ सा पासून प पर्यंतच चाल, त्याच्या वर जायचंच नाही. एकदा तू म्हणायचीस, एकदा बाया. ज्या बाईने आयुष्यात तोंड उघडलेलं नसेल तीही तिसऱ्या वेळेला म्हणायला लागायची. त्यानंतर एक श्लोक, बिनठेक्याचा, बोलल्यासारखा. त्यात तू श्वास शिकवायचीस. चरण संपला की थांबायचं, नाक भरून श्वास घ्यायचा, मग पुढचा. शब्द मधे तोडला तर तू डोळे उघडून बघायचीस. मग आरती, केहरव्याच्या हळू ठेक्यात, दर कडव्याला तेच पालुपद, म्हणजे कडवं न येणारीलाही पालुपदाला जागा. टाळ तू बोटांनी दाबून धरायचीस, नुसती ‘टक’ व्हायची, खणखणाट नाही. आणि फक्त समेवर.

आरती येऊ लागलेल्या बायकांसाठी मग अभंग, भजनी ठेक्यावर. एक चरण तू सांगायचीस, बाया झेलायच्या, आणि दर वेळी धृपदावर परत यायचं. पोथीतून अभंग वाचणाऱ्याला चार चरण दिसतात, म्हणणाऱ्याला धृपद दहा वेळा दिसतं, असं तू म्हणायचीस. अभंगात लय चढते हे तुला माहीत होतं. दहा माणसं जमली की लय चढतेच. तू मांडीवर हाताने धरून ठेवायचीस. सकाळच्या भजनाची लय चढू दे, संध्याकाळची उतरली पाह्यजे, माणसाला निजायचं असतं, हे तुझं म्हणणं.

आणि सगळ्यात शेवटी, दोन-तीनच बायकांसोबत, ते तलवाड्याचं पद. ते शिकवायला तू महिने घ्यायचीस. आधी नुसते शब्द, बोलून. मग एक ओळ सुरात, आठवडाभर तीच. ‘मावळे माझे मीपण, उरे तुझा उजेड’ ही पहिली ओळ मला दाराआडून ऐकून पाठ झाली होती. रिषभ खाली दबलेला, मध्यम वर ताणलेला. दिवस जातो आणि रात्र अजून आलेली नसते, त्या वेळेचेच ते सूर. पद संपलं की तू कुणाला बोलू द्यायची नाहीस. एखादी उगीच पदर सावरायची, बाकी काही नाही. मग तू म्हणायचीस, चला, भाकऱ्या करा.

मी हे सगळं त्या खोलीच्या पलीकडे रेडिओ खोलून बसलेला असताना ऐकायचो. माझा कान तिथं तयार झाला. एकदा कपिलधारला तू मला धबधब्यापाशी बसवलंस आणि पाण्याच्या आवाजाखाली तुझा सा मला धरायला लावलास. अर्धा तास मी बेसूर आणि तू तिथंच, हलायचं नाव नाही. शेवटी लागला तेव्हा तू नुसतं ‘हं’ म्हणालीस. पुढे दुकानात टेपची मोटर जोरात पळते की हळू हे मी मीटर न लावता सांगायचो, सूर चढलाय की उतरलाय यावरून. केज तालुक्यात त्यासाठी माझं नाव झालं. लोक विचारायचे, कुठं शिकला. मी म्हणायचो, अनुभवातून. तुझं नाव मी एकदाही घेतलं नाही, आत्या.

मग ते दिवस आले की बघता बघता घराघरात टेपरेकॉर्डर झाले. आधी फक्त मोठ्या व्यापाऱ्यांकडे असलेलं यंत्र शिक्षकाकडे, पोस्टमनकडे, ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत सुद्धा पोचलं. नवीन कंपन्या, नवीन माल, रंगीत खोकी. मी रेडिओ दुरुस्तीची पाटी उतरवून कॅसेटची मोठी पाटी लावली. गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, संध्याकाळी लावायला काही देवाचं आहे का, शांत, घरात लावायजोगं. शहरातून येणाऱ्या कॅसेटी म्हणजे सगळा ढोलकीचा धुमाकूळ. मला वाटलं, आपल्या घरातच माल तयार आहे. धून, श्लोक, आरती, अभंग, पद. सोप्यापासून अवघडापर्यंत सगळं ओळीने लावलेलं. फक्त रेकॉर्ड करायचं.

तुला विचारलं तेव्हा तू लगेच नाही म्हणाली नाहीस. दोन दिवस विचार केलास. मग म्हणालीस, ज्या घरात सांगणारं कुणी न्हाई तिथं ती कॅसेट सांगंल, चांगलंच हाय की. पण माझ्या दोन अटी. सूर खाली ठेव. आणि मी एक ओळ म्हणले की तेवढीच जागा मोकळी सोड, घरच्यांनी म्हणायला.

आपण आपल्याच खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून ते रेकॉर्डिंग केलं. तू एक ओळ म्हणायचीस आणि मग तेवढाच वेळ मनात म्हणत गप्प बसायचीस, बोट मांडीवर चालू. मला ते बघून हसू यायचं. दोन-चार गिऱ्हाईकांना मी ती कॅसेट दिली. त्यातला एक दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आला. म्हणाला, बे, मधे मधे आवाजच जातो, खराब माल देतो काय. मी त्याला समजावून सांगायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. त्याऐवजी मी कॅसेट बदलून दिली आणि तुझी टेप आत फळीवर टाकली.

मग मी औरंगाबादला गेलो. एक शिकलेल्या गायिका मिळाल्या, एक छोटा स्टुडिओ मिळाला. बाई गुणी होत्या, त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी आपल्या सवयीने काळी पाचचा, तुझ्याहून बराच वरचा सा धरला, तबला-पेटी आली, मागे कोरस आला, अभंगाची लय शेवटी चढवली, कारण ऐकणाऱ्याला तशीच आवडते. मोकळ्या जागा सगळ्या काढल्या, तिथे बासरी भरली. तुझ्या टेपवरून त्यांनी ते पदही ऐकलं आणि टेप मागे घेऊन पुन्हा ऐकलं. म्हणाल्या, हे पूरिया धनाश्रीच्या जवळचं आहे, पण जुनं वेगळंच वळण आहे, मला एक महिना द्या. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं. पदाला सव्वासात मिनिटं लागत होती. मी म्हणालो, राहू द्या, आपल्या गिऱ्हाइकाला ते झेपायचं नाही. पद कापलं. आणि एक सांगतो, जे मी तेव्हा माझ्या बायकोला, सुमनलाही सांगितलं नव्हतं. तुझी ती मूळ टेप, गोधड्या लावून केलेली, मी पुढे नमुना रेकॉर्डिंगसाठी वापरून टाकली. कोरी कॅसेट संपली होती म्हणून. त्यावर आता काय आहे तेही मला आठवत नाही.

कॅसेट चालली. फार चालली. कव्हरवर समईचं चित्र होतं आणि ‘सायंप्रार्थना, घरोघरी’ असं लिहिलं होतं. ‘घरोघरी’ ही माझी कल्पना.

मग तू दुकानात आलीस. आधी कधी यायची नाहीस. दुपारची वेळ, गिऱ्हाईक भरलेलं, तीन-चार बाया तुझ्यासोबतच्या. तू काउंटरवर कॅसेट ठेवलीस आणि सरळ मुद्द्याला हात घातलास.

“वैजू, ही कॅसेट ऐकायची हाय, म्हणायची न्हाई. जनाक्काच्या घरी दिवा लागतो, बटन दाबतात आन् सगळे गप बसतात. म्हणत कुणीच न्हाई. कावून केलंस असं?”

मी म्हणालो, लोकांना हेच पाहिजे. तू म्हणालीस, लोकांनी तुला सांगितलं का तूच ठरवलंस? जागा ठेव म्हणलं होतं, सूर खाली म्हणलं होतं, एक तरी ऐकलंस का? सगळे बघत होते. माझा पारा चढला. मी मोठा दुकानदार आणि मला भर बाजारात म्हातारी जाब विचारते. मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, सौम्य करत नाही. म्हणजे मला पुन्हा कधी ते सौम्य करून आठवता येणार नाही.

“आत्या, तुझ्या नाकातल्या आवाजाची कॅसेट लोकांनी परत आणून टाकली. तुला कोण ऐकणार? घरात म्हण, चूल पेटव, आन् माझ्या धंद्यात पडू नको.”

तू काही बोलली नाहीस. तू, जी जुडी परत टाकून यायचीस. तू कॅसेट उचललीस, पदराने उगीच पुसलीस, परत काउंटरवर ठेवलीस आणि निघालीस. जनाक्का मागे वळून माझ्याकडे बघत होती. त्या रात्री मी जेवलो नीट, झोपलो नीट. लाज वाटायला मला दोन वर्षं लागली, आणि तीही तू गेल्यावर.

त्यानंतर आपल्या पुढच्या खोलीत बाया बसल्या नाहीत. दिवेलागणीला मी दुकानातून घरी आलो की टेप लावायचो, आवाज मोठा. माझीच कॅसेट, माझं घर. तू मागच्या खोलीत दार लोटून बसायचीस. मला वाटायचं, पडली असेल. सुमन कधी कधी दिसायची नाही. मला वाटायचं, स्वयंपाकात असेल. सुमन माझी बायको, लग्नाला बारा वर्षं झालेली, पण ती त्या वेळेला कुठं असते हे मी कधी बघितलं नाही.

गेल्या वर्षी शेवंता ऊसतोडीवरून आली तेव्हा मी तिला विचारलं, कॅसेट कशी वाटली. तोडीवर जाताना मीच तिला दिली होती, कोपीत लावायला. ती म्हणाली, चांगली हाय दादा, पर ब्याटरी संपली की समदं संपतं. आमाला म्हणायला येत न्हाई, लई उंच हाय. आत्याबाईचं म्हणायला यायचं. मी म्हणालो, बघू, खालच्या सुरात एक काढू. तुझ्या दाराशी येऊन हे तुला सांगावं असं मनात आलं होतं. दारापर्यंत आलो सुद्धा. आत तू काहीतरी गुणगुणत होतीस. मी परत फिरलो. उद्या सांगू म्हटलं. तो उद्या वर्षभर पुढे गेला.

आता तो दिवस. तू सकाळी गेलीस, दुपारी तुला समाधी दिली. आपल्यात सुतक धरत नाहीत याचं शेजारच्या दुसऱ्या लोकांना नवल वाटतं, पण समाधी द्यायला आलेल्या स्वामींनी अंगणातच सांगितलं, आज दिवेलागणीला दिवा लागलाच पाहिजे आणि रोज म्हणता तेच म्हटलं पाहिजे. रोज काय म्हणता, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

संध्याकाळी पुढची खोली भरली. दोन वर्षांनी जनाक्का आत आली. शेवंता होती, मास्तरांची बायको होती, तुझी सगळी माणसं. सुमनने समई लावली, तुझ्या फोटोला विभूती लावली. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सांगणारी गेली होती आणि कुणाला आधी तोंड उघडायचा धीर होत नव्हता. कुणीतरी हळूच म्हणालं, वैजनाथदादा, कॅसेटच लावा.

मी लावली. काय करणार होतो? काळी पाचमधला तो सुंदर आवाज खोलीत आला, बासरी आली, कोरस आला. मी बायकांच्या तोंडाकडे बघितलं, तुझ्यासारखं, आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्यांचे ओठ मिटलेले. शेवंताने पहिल्या ओळीला तोंड उघडलं, वरची जागा आली तशी मानेची शीर ताणली आणि तिने तोंड मिटून घेतलं. तुझ्या घरात, तुझ्या फोटोपुढे, तुझ्या बायकांना मी गप्प बसवलं होतं. मी टेप बंद केली.

मग मीच सुरुवात केली. तुझ्या भाच्याने नाही करायची तर कुणी? पण दोन वर्षं कानात काळी पाच बसलेली, सूर वर लागला आणि प वर जाईपर्यंत आवाज फाटला. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सुमन माझ्या शेजारी येऊन बसली. ओठ मिटून तिने वरची जागा गुणगुणली, एकेकीकडे बघितलं, एकदा खाली आणली, परत खाली आणली आणि सा धरला. हे तिने कुठून आणलं ते मला कळलं, तरी कळलं नाही असं मी स्वतःला सांगत होतो. धून झाली. श्लोक झाला. आरतीला जनाक्काचं पालुपद सगळ्यात मोठं. अभंगाची लय चढायला लागली तेव्हा सुमनने मांडीवर हात ठेवला आणि ती उतरली.

मग पद. तिथे सगळ्या थांबल्या; तुझ्याकडे ते शिकणाऱ्या दोघी-तिघींचं दोन वर्षांपूर्वी अर्ध्यावरच राहिलं होतं आणि तेवढंही आता आठवत नव्हतं. मला पहिली ओळ येत होती, ती मी म्हटली. दुसरी अर्धी. पुढे काही नाही. खोलीत सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण सगळ्यांना वाटत होतं, रेकॉर्डिंग याने केलं, याच्याकडे असेल. मला सांगावं लागलं. माझ्याकडे नाही म्हणालो. कॅसेटीत बसत नव्हतं म्हणून मी ते कापलं. टेप पुसली. आता ते कुणाकडेच नाही. जनाक्काने डोळ्याला पदर लावला. तुझ्या सासूच्या सासूपासून आलेलं माझ्या दुकानात संपलं, असं मला वाटलं. त्या खोलीत तू गेल्याच्या दुःखापेक्षा मला माझीच लाज जास्त वाटली. हेही लिहून ठेवतो, कारण तेही खरं आहे.

तेव्हा सुमनने दुसरी ओळ पूर्ण केली. मग तिसरी. सगळी चार कडवी, दबलेल्या रिषभासकट, जिथे तू थांबायचीस तिथे थांबून, जिथे तू आवाज कमी करायचीस तिथे कमी करून. आवाज तिचा होता, थोडा जाड, थोडा खरखरीत. नाकातला म्हणशील तर तोही थोडा होता. पद संपलं आणि कुणी बोललं नाही.

बाया गेल्यावर मी तिला विचारलं, कधी शिकलीस? मागच्या खोलीत, ती म्हणाली. दोन वर्षं, रोज दिवेलागणीला, तुमची टेप मोठ्याने चालू असायची तेव्हा. आतला आवाज बाहेर जायचा नाही, बरंच व्हायचं. मी म्हणालो, मला एकदा तरी सांगायचं होतंस.

“तुमी कधी विचारलं न्हाई. आन् आत्याबाई म्हणाल्या होत्या, त्याला सांगू नको, त्याला कळलं की त्याची कॅसेट काढील. पण शिकायला आपणहून मागं येऊन बसला, तर शिकव म्हणाल्या. न्हाई म्हणू नको.”

आत्या, तुझ्या निरोपाचा हा दुसरा भाग मी अनेकदा मनात म्हणून बघितला आहे. पहिल्या भागाने मी जमिनीत गेलो, आणि दुसऱ्याने वर आलो असं काही नाही. तू मला ओळखून माझ्यापासून तुझी वस्तू लपवलीस, तुझं बरोबर होतं. तरी माझ्यासाठी जागा सोडून गेलीस, हे मला जास्त लागतं. तू उणंदुणं काढून गेली असतीस तर मी तुझ्याशी भांडलो असतो, मनात का होईना. माझ्या त्या वाक्यासाठी मी तुझी माफी मागतो. दुकानात ज्या बायकांपुढे बोललो त्यांच्यापुढेच ती मागायची आहे. जनाक्काला सांगितलं आहे, उद्या मागणार आहे.

आता रोज दिवेलागणीला मी मागच्या ओळीत बसतो, शेवंताच्या शेजारी. सुमन सांगते, आम्ही झेलतो. टेप आतल्या खोलीत ठेवली आहे, कपडा टाकून. धून मला येते, आरती येते, अभंगात मी अजून घाई करतो. पदाची आम्ही रोज एकच ओळ घेतो. आधी नुसते शब्द, मग सूर. काल दुसऱ्या ओळीला माझा रिषभ परत वर गेला. सुमन थांबली, बाया थांबल्या. मी मान खाली घातली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला लागलो.